समासापुरते

शाळेच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायला मी काही शिक्षिका नाही. बी.ए. झाले, लग्न झाले, आणि मग तीस वर्षे घर. पण आमच्या महिला मंडळाने बस्तीच्या मागच्या हॉलमध्ये दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला, तेव्हा गणिताला एक निवृत्त बाई मिळाल्या, विज्ञानाला एका सुनेने होकार दिला आणि समाज विज्ञान उरले. मंडळाच्या अध्यक्षा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं आर्ट्स की हो? मग झालं तर." असे ते पेपर माझ्या घरी आले. बावीस मुली, मराठी माध्यम, निम्म्यांच्या घरी कानडी.

आमच्याकडे जेवणे दिवस मावळायच्या आत होतात. त्यामुळे सात ते नऊ हा वेळ माझा हक्काचा. पहिल्या आठवड्यात मी लाल पेन घेऊन बसले आणि रात्री अकराला उठले. काय केले होते? प्रत्येक मुलीचे प्रत्येक उत्तर खोडून वर माझ्या अक्षरात बरोबर उत्तर लिहिले होते. पाने लालेलाल. मला वाटले, केवढे काम केले! मुलींनी पेपर घेतले, गुण बघितले, घडी घालून दप्तरात टाकले. दोन-तीन हुशार मुलींनी माझी वाक्ये वहीत उतरून घेतली. पुढच्या सरावात तोच धडा आला पण प्रश्न जरा फिरवून आला, तर त्या दोघी-तिघींनी माझीच वाक्ये शब्द न शब्द उतरवली. प्रश्न होता "परिणाम सांगा", आणि माझी वाक्ये होती कारणांची.

हे मला नवे असायला नको होते. माझ्याच घरात हे एकदा होऊन गेले आहे.

माझी थोरली शाळेत असताना तिची प्रत्येक वही मी बघायचे. बघायचे म्हणजे काय, लिहायचेच. ती चार ओळी आणायची, मी म्हणायचे, "असं नाही गं, दे इकडे," आणि त्या चार ओळींच्या आठ सुरेख ओळी करून द्यायचे. तिने पाठ केले, दहावीला गुण चांगले पडले, मी पेढे वाटले. पुढे तिने आर्ट्स घेतले नाही. मला वाईट वाटले, कारण तिला गोष्टींची, इतिहासाची आवड होती. कारण विचारले तर म्हणाली, "त्यात लिहावं लागतंय." पुष्कळ वर्षांनी, तिचे लग्न झाल्यावर, माळा आवरताना तिच्या दहावीच्या वह्या सापडल्या. दोघी चाळत बसलो. पान उलटता उलटता ती सहज म्हणाली, "आई, या वहीत मी कुठं होतो गं?" आमच्या भागात मुली असेच बोलतात, होतो, आलो, गेलो. ती हसत होती. मी वही मिटून रद्दीच्या गठ्ठ्याखाली घातली.

म्हणून दुसऱ्या महिन्यापासून मी एक नेम केला. उत्तराच्या अंगावर काही लिहायचे नाही. जे लिहायचे ते समासात. पानाची डावी बाजू शाळेने आखलेली असतेच, ती अपुरी पडते. म्हणून मुलींना सांगितले की लिहायच्या आधी उजवीकडून दोन बोटे घडी घाला, त्या घडीपलीकडे तुम्ही लिहायचे नाही. ती जागा माझी. पेन बंद, पेन्सिल सुरू, कारण माझेही चुकते आणि खोडता आले पाहिजे.

नेम करणे सोपे. समासात लिहायचे काय, हे शिकायला मला अख्खे वर्ष लागले.

सुरुवातीला मी ते लिहिले जे आमच्या वेळी आमच्या पेपरांवर असायचे. "विस्तार कर." "मुद्देसूद लिही." "अपुरे." "नीट लिही." तुमच्याही वहीत असतील हे शेरे. मुली हुकूम पाळणाऱ्या असतात. "विस्तार कर" वाचून एकीने तेच वाक्य दोनदा, शब्द फिरवून लिहून आणले. "मुद्देसूद लिही" वाचून दुसरीने प्रत्येक वाक्याच्या आधी १, २, ३, ४ आकडे घातले, बाकी काही हलवले नाही. आणि "नीट लिही" वाचून तिसरीने सगळे उत्तर सुवाच्य अक्षरात पुन्हा काढले, चुकांसकट. मी रागावले तर ती म्हणाली, "काकू, नीट म्हणजे कसं ते तुम्ही सांगितलंच नाही की." खरेच होते. मला काय खटकले ते त्या शेऱ्यात होते, तिने काय करायचे ते नव्हते. आणि कुठे करायचे, तेही नव्हते.

मग हळूहळू कळले की शेऱ्यात तीन गोष्टी असाव्या लागतात. कोणती ओळ, तिथे नेमकी कसली उणीव आहे, आणि मुलीने आता हाताने काय करायचे. एवढे लिहून पेन्सिल उचलायची. चौथी गोष्ट, म्हणजे ते केल्यावर जे वाक्य तयार होईल ते, आपण लिहायचे नाही. हात शिवशिवतो. तिथेच थांबायचे असते.

एक उत्तर सांगते म्हणजे कळेल. कित्तूर आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत. ऑक्टोबरात उत्सव असतो, मुली शाळेच्या सहलीला जाऊन आलेल्या असतात. दहावीच्या पुस्तकात तो धडा आहे, त्यामुळे सरावाला मी प्रश्न दिला होता, की राणी चन्नम्मांनी इंग्रजांविरुद्ध लढा का दिला व त्याचा शेवट कसा झाला, सहा-सात वाक्यांत लिहा. गुण तीन. भाजीच्या गाड्यावर आईला मदत करून मग वर्गाला येणारी एक मुलगी आहे, तिचे उत्तर असे होते. ओळींचे आकडे मी घातले आहेत.

१. राणी चन्नम्मा ही कित्तूरची शूर राणी होती.
२. तिचा जन्म काकती येथे झाला.
३. डलहौसीने दत्तक नामंजूर केला म्हणून लढाई झाली.
४. इंग्रजांचा डोळा कित्तूरच्या खजिन्यावर होता.
५. लढाईत थॅकरे मारला गेला आणि इंग्रज हरले.
६. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले.
७. रायण्णाला फाशी दिली, तो पण खूप शूर होता.

वाचायला बरे वाटते ना? माहिती आहे, मुलीला विषय आवडलेला दिसतो. गुण देणारी व्यक्ती यावर दीड देईल आणि पुढच्या पेपराकडे वळेल. मीही पूर्वी काय केले असते ते सांगते. तिसरी ओळ खोडून वर "थॅकरेने" असे लिहिले असते, पाचवी आणि सहावीच्या मध्ये बाण काढून एक वाक्य घुसवले असते, शेवटची ओळ कापली असती. पाच मिनिटांचे काम.

आता मी पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवून उत्तर पूर्ण वाचते. पेन्सिल हातात असली की पहिल्याच ओळीत ती चालायला लागते, आणि मग शुद्धलेखनात दम संपतो. वाचून झाल्यावर स्वतःला विचारते, हिने यातल्या कोणत्या गोष्टी दुरुस्त केल्या तर उत्तर उभे राहील? फार तर तीन. सात ओळींच्या उत्तराला सात शेरे लिहिले तर मुलगी एकही वाचत नाही, हे मी करून पाहिले आहे.

इथे सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या ओळीत आहे. कित्तूरची पहिली लढाई ऑक्टोबर 1824 ची. डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला 1848 ला. मधे चोवीस वर्षे. दत्तक आणि नामंजूर हे दोन शब्द दिसले की मुलांच्या तोंडी डलहौसी येतो, कारण सातारा आणि झाशीच्या धड्यात तो पाठ केलेला असतो. ही चूक वर्गातल्या बावीसपैकी नऊजणींनी केली होती. मी तिच्या समासात लिहिले:

"ओळ ३: कित्तूरची लढाई कोणत्या साली? डलहौसी कोणत्या साली आला? दोन्ही साले इथे लिही. मग नाव ठेवायचे की बदलायचे ते तू ठरव."

बघा, यात "डलहौसी चूक" असे मी कुठेही म्हटलेले नाही. "थॅकरे" हे नाव तर मुळीच नाही. पण तिने काय उघडायचे, काय शोधायचे आणि शोधून कुठे लिहायचे ते सगळे आहे. तिला अंदाज करायला जागा नाही, आणि उतरवून घ्यायलाही काही नाही.

दुसरा शेरा पाचवी आणि सहावी यांच्या मध्ये. पाचव्या ओळीत इंग्रज हरतात, सहाव्या ओळीत जिंकलेली राणी कैदेत असते. असे कसे? मुलीच्या डोक्यात मधले माहीत आहे, म्हणून तिला ती फट दिसत नाही. स्वतःचे लिहिलेले वाचताना आपण डोक्यातले वाचतो, कागदावरचे नाही; माझ्या भाजीच्या यादीतही हेच होते. मी लिहिले: "ओळ ५ मध्ये राणी जिंकली, ओळ ६ मध्ये ती कैदेत. मध्ये काय घडले? एक वाक्य घाल, त्यात महिना हवा." महिना मागितला, कारण नुसते "वाक्य घाल" म्हटले असते तर "मग इंग्रज परत आले" एवढ्यावर ती थांबली असती.

तिसरा शेरा प्रश्नाच्या "का"विषयी. तिसऱ्या ओळीत दत्तक आला आहे, पण दत्तक कोण, कुणाचा, आणि तो नामंजूर झाला तर राणीचे काय बिघडत होते, हे नाही. "ओळ ३: दत्तक नाकारला तर कित्तूरच्या राज्याचे काय होणार होते? त्याचे उत्तर 'म्हणून' या शब्दाच्या आधी यायला हवे."

बस्स. काकतीचा जन्म राहू दिला. प्रश्नात विचारलेला नाही, पण चूकही नाही, आणि काकती तिच्या मामाचे गाव, तिला ते लिहावेसे वाटले असेल. शेवटच्या ओळीतला रायण्णाही राहू दिला. त्यावर बोलण्यासारखे आहे, कारण रायण्णाचा लढा राणीच्या कैदेनंतर पुढे चालू राहिला आणि त्याला 1831 च्या जानेवारीत नंदगडला फाशी झाली. तो शेवटाचा भाग खरेच होऊ शकतो. पण ते पुढच्या वेळी. तीन म्हणजे तीन.

आता याचा दुसरा अर्धा भाग, जो मला फार उशिरा कळला. शेरे लिहून पेपर घरी पाठवले तर ते मेले. घरी कोणी काही करत नाही, आपणही केले नसते. म्हणून पेपर परत दिल्याबरोबर वर्गातच पंधरा मिनिटे द्यायची. पुस्तक उघडायला परवानगी. शेऱ्याप्रमाणे दुरुस्त करायचे, त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, आणि एक शेरा पुरा झाला की त्याच्यासमोर समासात टिकली. आधी मला ही पंधरा मिनिटे वाया गेल्यासारखी वाटायची, कारण तेवढ्यात अर्धा धडा झाला असता. पण माझा शेरा कामाचा होता की नाही हे मला याच पंधरा मिनिटांत कळते. मुलगी वाचून लगेच पुस्तक उघडते, तर शेरा बरोबर. ती माझ्याकडे बघते, शेजारणीला विचारते, पेन तोंडात घालून बसते, तर शेरा माझा चुकला, तिचे उत्तर नाही. मग मी जाऊन तो खोडते आणि दुसरा लिहिते. पेन्सिल म्हणूनच.

त्या दिवशी भाजीवाल्या काकूंच्या मुलीने पुस्तक उघडले. समासात 1824 लिहिले. मग दुसरा धडा शोधून 1848 लिहिले. दोन्हीकडे बघत बसली. मग डलहौसीवर काट मारली, थॅकरे लिहिले, आणि हात वर केला. "काकू, मग डलहौसी यायच्या आधीपण दत्तक नाही म्हणायलेच होते काय हे लोक?"

मी जागेवरून उठले. होय, म्हणायलेच होते. डलहौसीने ती गोष्ट शोधून काढली नाही. त्याच्या आधीही कंपनीने दत्तक नाकारून संस्थाने घेतली होती, त्याने तिचे सरसकट धोरण केले आणि एकामागून एक राज्ये खालसा केली. हे मी त्या दिवशी वर्गाला सांगितले, आणि त्या नऊजणींनी ऐकले, कारण त्यांच्याही समासात ती दोन साले लिहिलेली होती. मी लाल पेनने "थॅकरे" लिहून दिले असते तर तिला एक नाव मिळाले असते. हा प्रश्न पडला नसता.

तिने मागच्या बाजूला लिहिलेले वाक्य अजून माझ्याकडे आहे. "राजा वारला व त्याचा दत्तक मुलगा शिवलिंगप्पा याला थॅकरेने वारस मानले नाही, असे झाले तर राज्य कंपनीचे होणार होते म्हणून राणीने लढाई दिली." वाक्य जरा लांबले आहे, मध्ये स्वल्पविरामावरच चालले आहे. मी असते तर दोन वाक्ये केली असती. केली नाहीत.

पाचवी-सहावीच्या फटीत तिने घातले, "डिसेंबरमध्ये इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला." किल्ला पडला! हा शब्द पुस्तकात नाही. तिचा आहे.

शुद्धलेखनाचे काय, असे तुम्ही विचाराल. माझ्या भाचीने बी.एड. केले, तिने मला एक युक्ती दिली. अमेरिकेत रिचर्ड हॅसवेल नावाच्या एका प्राध्यापकांनी 1983 साली लिहून ठेवले आहे की ते विद्यार्थ्यांची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करत नाहीत, ती कुठे आहे ते दाखवतही नाहीत. ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीसमोर समासात फक्त एक खूण करतात. दोन चुका असतील तर दोन खुणा. शोधायची विद्यार्थ्याने. त्यांच्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुका मुले स्वतः शोधून दुरुस्त करत. मी टिंब देते. आमच्या मुलींना तो खेळच झाला, "तुझ्या या ओळीला किती टिंबं? मला तीन!" ऱ्हस्व-दीर्घ, विसरलेला अनुस्वार, "आणि"चा दीर्घ झालेला णी, हे सगळे त्या टिंबावरून शोधतात.

पण टिंब कुठे चालत नाही तेही सांगते. घरी कानडी बोलणाऱ्या मुली "किल्ला जिंकली", "लढाई संपला" असे लिहितात. कानडीत वस्तूंना असे लिंग नाही. त्या ओळीसमोर टिंब दिले तर बिचारी दहा मिनिटे त्या ओळीकडे बघते आणि "बरोबर आहे की" म्हणून परत देते. टिंब, किंवा कुठलाही शेरा, तेव्हाच काम करतो जेव्हा तिला ते माहीत असते आणि घाईत सुटलेले असते. जे माहीतच नाही ते समासातून शिकवता येत नाही. तिथे पेपर बाजूला ठेवून "किल्ला तो, लढाई ती" असे दहा शब्द घेऊन तिच्याजवळ बसावे लागते. तसेच ज्या मुलीने कित्तूरचा धडाच वाचलेला नाही, तिच्या चार गोलमोल ओळींवर शेरे काढण्यात अर्थ नाही. तिला मी लिहिते, "धडा वाच, मग हे उत्तर पुन्हा लिही, मी तेव्हा तपासेन." त्यात राग नाही. माझी पेन्सिल वाचते, एवढेच.

गुणांची गोष्टही भाचीनेच सांगितली. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी 1988 साली केलेला एक प्रयोग शिकवणाऱ्यांच्या जगात फार प्रसिद्ध आहे. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसते शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांचे नुसत्या गुणवाल्यांसारखेच झाले. मला हे ऐकून नवल वाटले नाही. तीनपैकी दीड दिसले की मुलगी शेजारणीचे किती ते बघते, आणि मग शेरा कोण वाचतो? तेव्हापासून मी गुण पेपरवर लिहितच नाही. माझ्या वहीत लिहिते, आणि दुरुस्ती झाल्यावर आठवड्याच्या शेवटी सांगते. आया कुरकुरतात. "किती पडले ते लिहीत जा की हो," एकजण बस्तीच्या पायरीवर मला थांबवून म्हणाली. मी म्हटले, शनिवारी सांगते. शनिवारपर्यंत तिने तीनदा विचारले.

वेळ लागतो, ते खरे. बावीस पेपर, एका पेपरातले एकच उत्तर असे तपासले तरी सहा-सात मिनिटे जातात, म्हणजे दोन संध्याकाळी. म्हणून सगळा पेपर असा तपासायच्या भानगडीत मी पडत नाही. एका पेपरात एक उत्तर निवडते, मोठे, आणि तेवढ्याच्या समासात लिहिते. बाकीच्यांवर टिकली किंवा फुली. मंडळात कुणीतरी म्हणाले, ही चुकारपणा करते. म्हणू देत.

माझे अजूनही चुकते. गेल्या महिन्यात एका मुलीने स्वतःच्या शब्दांत अगदी बरोबर उत्तर लिहिले होते, पुस्तकातला एकही शब्द नव्हता. माझा हात समासात जाऊन "पुस्तकातली संज्ञा वापर" असे लिहून बसला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या वेळी तिने ते सुंदर वाक्य खोडून पुस्तकातले छापील वाक्य उतरवले आणि टिकली केली. मी तिला म्हटले, "खोडू नको होतीस गं." ती म्हणाली, "तुम्हीच लिवलाय की." कागद तिच्या हातात होता आणि माझी पेन्सिल त्यावर दिसत होती. तिचे पहिले वाक्य खोडाखोडीतून वाचता येईना. मी तिला विचारले, काय लिहिले होतेस गं आधी? तिलाही आठवेना.

थोरलीला फोनवर हे सांगितले तर ती हसली आणि म्हणाली, "तुझा हात कुठं गप बसायला?" मग थोड्या वेळाने विचारले, "ती भाजीवाल्यांची मुलगी कशी आहे?"

ती बरी आहे. परवाच्या सरावात वेळ पुरला नाही तिला. पेपर घरी आणून उघडला, पेन्सिल खाली ठेवून वाचला. चौथ्या ओळीला मला खटकले, कारण दिले नव्हते. पेन्सिल उचलून समासात गेले, तर माझ्या जागेत, घडीच्या पलीकडे, निळ्या शाईत बारीक अक्षरात आधीच लिहिलेले होते, "ओळ ४: का ते लिहिलं नाही. वेळ संपला. उद्या लिहितो."